कार्यक्रमाची रूपरेषा सांगताना वेळेचे आणि फोनचे नियम: या चुका टाळा

“वक्त्यांनी वेळेचं भान ठेवावं, ही नम्र विनंती.” तीन तासांच्या एका कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी माईकवरून एवढंच म्हटलं होतं. प्रत्येकाला ७ मिनिटं ठरली होती. पहिले वक्ते २२ मिनिटं बोलले. दुसऱ्यांनी त्यांच्याकडे बघून १८ घेतली. शेवटच्या दोघी पूर्ण तयारीनिशी आल्या होत्या, पण त्यांच्या वाट्याला प्रत्येकी ३ मिनिटं आणि निम्म्या रिकाम्या खुर्च्या आल्या. त्यातल्या एकीने हातातले चार कागद न उलगडताच परत पिशवीत ठेवले. ते मला आजही विसरता येत नाही, कारण चूक माझी होती. “भान ठेवावं” या शब्दांतून कुणाला काहीच कळलं नव्हतं.

आकडा न सांगणं

‘थोडक्यात’, ‘मोजक्या शब्दांत’, ‘वेळेअभावी’ हे शब्द ऐकून प्रत्येक वक्ता आपापल्या सोयीचा अर्थ लावतो. वीस मिनिटं बोलणाऱ्यालाही तो थोडक्यातच बोलला असं मनापासून वाटत असतं. म्हणून रूपरेषेत आकडा सांगायचा, आणि तोही श्रोत्यांना उद्देशून: “आज आठ वक्ते आहेत, प्रत्येकाला सात मिनिटं आहेत आणि आपण एक वाजता उठणार आहोत.” आकडा सभागृहाला माहीत असला की वक्ता तो पाळायला बघतो, कारण आता समोरचे लोकही घड्याळ बघत असतात.

मात्र हा आकडा वक्त्याच्या कानावर पहिल्यांदा मंचावरून पडता कामा नये. दोन-तीन दिवस आधी फोनवर सांगायचा आणि कार्यक्रमाआधी भेटून पुन्हा सांगायचा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सात मिनिटांत सातशे-आठशे. “हाताने लिहिलेली चार-पाच पानं पुरतील,” असं सांगितलं की तयारी करणाऱ्याला मिनिटांपेक्षा ते लवकर उमगतं.

फक्त भाषणांची मिनिटं मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही, कारण इथे कुणीही नियम न मोडता उशीर होतो. आठ वक्ते, सात मिनिटं, झाली ५६ मिनिटं. कागदावर छान दिसतं. पण प्रत्येकाचा परिचय द्यायला एक मिनिट जातं. वक्ता खुर्चीतून उठतो, पोडियमपर्यंत येतो, माईक खाली-वर करतो, कागद लावतो, त्यात आणखी एक. मग व्यासपीठावरच्या एकेकाचं नाव घेऊन संबोधन, त्यात तिसरं. आठ त्रिक चोवीस. पत्रिका २४ मिनिटं मागे पडली, आणि एकही वक्ता जास्त बोललेला नाही. अशा वेळी निवेदक घाईला येतो आणि आपल्या वेळेत बोलणाऱ्यालाच चिठ्ठी पाठवतो. तो वक्ता दुखावतो, आणि त्याचं बरोबर असतं.

संबोधनाचं मिनिट रूपरेषा सांगतानाच वाचवता येतं. मी सुरुवातीला व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं आदराने एकदा घेतो आणि म्हणतो, “आजच्या सर्व वक्त्यांच्या वतीने हे संबोधन झालं असं समजावं, म्हणजे प्रत्येकाला थेट विषयावर येता येईल.” हे अध्यक्षांना आधी विचारलेलं हवं. एकदा त्यांनी मान डोलावली की वक्त्यांचा संकोच जातो. परिचय आणि ये-जा यांची मिनिटं मात्र पत्रिकेतच धरायची. पुढच्या वक्त्याला पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं तर त्यातलंही अर्धं वाचतं.

इशारा ठरवणं, पण न सांगणं

घंटा, दिवा, रंगीत कार्ड, काहीही चालेल. मला कार्डं बरी वाटतात, कारण ती श्रोत्यांच्या नजरेत फारशी येत नाहीत. दोन मिनिटं उरली की पिवळं, वेळ संपली की लाल. कार्ड दाखवणारा माणूस वक्त्याच्या अगदी समोर बसलेला हवा, कडेला नको. कागद वाचणारा वक्ता मान उचलतो तेव्हा त्याची नजर सरळ जाते. रूपरेषेत त्या माणसाला हात वर करायला सांगा. वक्त्यांना तो कुठे आहे ते दिसतं, आणि पुढे कार्ड दिसल्यावर अपमान झाल्यासारखं वाटत नाही.

पहिला वक्ता वेळ पाळणारा असेल असं बघा. त्याने सात मिनिटांत संपवलं की नियम खरा आहे हे सगळ्यांना पटतं. प्रमुख पाहुण्यांना त्या जागी आणू नका, त्यांना थांबवणं कठीण.

फोनची सूचना घाईत उरकणं

“कृपया मोबाईल सायलेंटवर ठेवावेत” हे वाक्य लोकांच्या कानांवरून जातं. लोक हलतात ते निवेदक थांबल्यावर. मी खिशातून माझा फोन काढतो, सगळ्यांना दिसेल असा बंद करतो आणि दहा-पंधरा सेकंद काहीही बोलत नाही. त्या शांततेत पिशव्यांच्या चेन उघडल्याचे आवाज येऊ लागतात. ते आले नाहीत तर सूचना पोहोचलेली नाही, असं समजून पुन्हा सांगायचं.

सायलेंटबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. बऱ्याच फोनमध्ये सायलेंट केलं तरी गजर वाजतोच, तेव्हा गजर वेगळा बंद करायला सांगा. आणि व्हायब्रेटवर ठेवलेला फोन पोडियमच्या किंवा मंचावरच्या टेबलाच्या लाकडावर थरथरला की माईक तो आवाज उचलतो आणि सभागृहभर घरघर ऐकू येते. मंचावरच्यांना हे माईकवरून सांगू नका, आधी जवळ जाऊन सांगा. फोनवर बघून बोलणाऱ्या वक्त्याला विमान मोड लावायला सांगितलं की पुरे.

सरसकट बंदी घालणंही चूकच. कुणाचं माणूस दवाखान्यात असतं, कुणी डॉक्टर असतात. माझी सूचना साधारण अशी असते:

“ज्यांना फोन घ्यावाच लागणार आहे त्यांच्यासाठी दाराजवळच्या दोन रांगा राखल्या आहेत. फोन हातात ठेवा, थरथरला की बाहेर जाऊन बोला. बाकी आपण सगळे आत्ताच, माझ्याबरोबर, फोन शांत करू या. फोटो जागेवरूनच काढावेत, फ्लॅश नको.”

ही सूचना पहिल्या वक्त्याच्या लगेच आधी द्यायची. लोक बसत असताना दिली तर वाया जाते. मध्यंतरात सगळे फोन पुन्हा सुरू करतात, म्हणून मध्यंतरानंतरही एकदा.

नियम मोडल्यावर

फोन वाजला तर त्या माणसाकडे बघू नका, माईकवरून बोलू नका. तो आधीच घाबरून पिशवी चाचपत असतो. वक्त्याने दोन क्षण थांबून पुढे चालू केलं की काम भागतं.

वक्ता लाल कार्डानंतरही बोलत राहिला तर मी एक मिनिट थांबतो, मग पोडियमच्या बाजूला त्याला दिसेल असा उभा राहतो. तरीही थांबला नाही तर वाक्य संपताना पुढे होऊन त्याच्या एखाद्या मुद्द्याचा उल्लेख करून आभार मानतो. गेलेली मिनिटं शेवटच्या वक्त्यातून कापत नाही. ती माझ्या निवेदनातून आणि मध्यंतरातून जातात, आणि हे आयोजकांशी आदल्या दिवशीच ठरलेलं असतं.