लाइट गेल्यावर जुनाच पत्ता: आयपीव्ही ६ मधल्या या चुका टाळा

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातली ही तक्रार. लाइट जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो, मोबाइलवर सगळं ठीक चालतं, पण हिशेबाच्या संगणकावर साइट रखडत उघडतात आणि काही प्रोग्राम नुसते लटकून राहतात. स्विच आणि संगणक इन्व्हर्टरवर आहेत, राउटर मात्र नाही. खरी गोम तिथेच आहे.

राउटर बंद पडून सुरू झाला की सेवा देणारी कंपनी त्याला अनेकदा नवा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, देते. राउटर तो आपल्या जाहिरातीतून सगळ्यांना कळवतो आणि संगणक त्यावरून स्वतःचा नवा पत्ता बनवतो. पण स्विचची तार क्षणभरही तुटलेली नसल्यामुळे संगणकाच्या लेखी जुना पत्ताही जिवंतच असतो. जुन्या प्रीफिक्सची पसंतीची मुदत साधारण ७ दिवस आणि वैधतेची ३० दिवस असते, आणि तो रद्द झाल्याचं राउटरने सांगितलेलंच नसतं. लाइट गेल्यामुळे त्याच्याही ते लक्षात नसतं.

पहिली चूक इथे होते. यादीत नवा पत्ता दिसला की माणूस निश्चिंत होतो. राउटरच्या, फक्त ऑफिसातल्या जाळ्यातच चालणाऱ्या `fe80` पत्त्याला पिंग लागला की तर खात्रीच पटते, पण तो पिंग `fe80` वरूनच जातो, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बाहेर जाताना कोणता पत्ता वापरला जातो, ते लिनक्सवर असं विचारा:

```
ip -6 route get 2001:db8:1f::10
```

उत्तरातला `src` बघा. समजा जुना प्रीफिक्स `2001:db8:1a:40::/64` आणि नवा `2001:db8:2b:7::/64` आहे. दोन्ही पसंतीचे, एकाच राउटरचे, त्यामुळे पत्ता निवडण्याच्या आधीच्या नियमांत बरोबरी सुटत नाही. शेवटी ज्याचे सुरुवातीचे जास्त बिट गंतव्याशी जुळतात तो जिंकतो. `1f` शी `1a` जास्त जुळतो, म्हणून जुना पत्ता निवडला जातो. पॅकेट कंपनीच अडवते, किंवा त्याचं उत्तर परत येत नाही. गंतव्य बदललं तर नवा पत्ताही जिंकू शकतो, म्हणूनच काही साइट चालतात आणि काही नाही. ब्राउझर थोडं थांबून आयपीव्ही ४ कडे वळतो, ते रखडणं यामुळेच.

दुसरी चूक म्हणजे आयपीव्ही ६ च बंद करून टाकणं. तक्रार मिटते खरी, पण राउटर आहे तसाच राहतो. जुना पत्ता हाताने काढणं एका संगणकापुरतं ठीक; दहा संगणकांना राउटरवरूनच सांगा. राउटरवर जाहिराती पाठवणारा प्रोग्राम `radvd` असेल तर त्याच्या `interface` भागात:

```
prefix 2001:db8:1a:40::/64 {
    AdvPreferredLifetime 0;
    AdvValidLifetime 7200;
};
```

पसंतीची मुदत शून्य झाली की संगणक नव्या जोडण्यांसाठी तो पत्ता लगेच सोडतो. `ip -6 addr` मध्ये त्यापुढे `deprecated` दिसतं. वैधता मात्र जाहिरातीने एकदम शून्यावर आणता येत नाही, दोन तास तरी उरतातच. खोट्या जाहिरातीने कुणी पत्ते उडवू नयेत म्हणून ही अट आहे.

दर वेळी लाइट गेल्यावर हे कोण करत बसणार? नव्या प्रीफिक्सच्या मुदतीच कमी ठेवा: पसंती २७०० सेकंद, वैधता ५४०० सेकंद. घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या राउटरसाठी इंटरनेटच्या शिफारशींचा दस्तऐवज आरएफसी ९०९६ हेच आकडे सुचवतो. मग पुढच्या वेळी जुना पत्ता पाऊण तासात आपोआप मागे पडेल. तेवढाही वेळ नको असेल तर राउटरचं अडॅप्टर इन्व्हर्टरवर घ्या.