मोकळ्या दांडीला फटका: या चुका टाळा

गुळगुळीत टेबलावर एकसमान दांडी मोकळी पडली आहे. तिच्या एका टोकाला दांडीशी काटकोनात आडवा फटका मारला, तर दोन्ही टोकांचे वेग किती? राजारामपुरीतल्या क्लासमध्ये हे गणित दिलं की निम्म्या वह्यांत एकच चूक सापडते: दुसरं टोक जागेवर धरून ठेवलेलं असतं.

आकडे घेऊन बघू. दांडी ६० सेंमी, वस्तुमान ०.३ किलो, इम्पल्स ०.६ न्यूटन-सेकंद. मुलं दूरच्या टोकाभोवती mL²/3 हा मोमेंट ऑफ इनर्शिया घेतात आणि फटका बसलेल्या टोकाचा वेग ६ मी/से काढतात. उत्तर दिसायला बरं दिसतं, पण पडताळा घेऊन बघा. मग मध्यबिंदूचा वेग ३ मी/से होतो, म्हणजे संवेग ०.३ × ३ = ०.९. आपण दिला होता ०.६ च. उरलेला ०.३ कुठून आला? तो खिळ्याने दिला, आणि खिळा तर टेबलावर नाहीच. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, उत्तर लिहिल्यावर दर वेळी करावा.

मोकळ्या दांडीला दोन समीकरणं पुरतात. वस्तुमानमध्याचा वेग फक्त इम्पल्सवर ठरतो. फटका कुठे बसला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फिरणं मात्र मध्याभोवतीच मोजायचं, तिथे mL²/12. फटका मध्यापासून x अंतरावर असेल तर:

v = J/m
ω = 12Jx/(mL²)

आपल्या दांडीत v = ०.६/०.३ = २ मी/से. टोकाला फटका म्हणजे x = ३० सेंमी, त्यावरून ω = २० रेडियन/से. टोक मध्यापासून ०.३ मीटरवर, म्हणून फिरण्यामुळे येणारा वेग ६ मी/से. फटक्याचं टोक २ + ६ = ८ मी/सेने पुढे, दुसरं टोक २ − ६ = −४ मी/से, म्हणजे मागे.

त्या उणे चिन्हावर बरेच जण अडतात. फटका पुढे मारला तर दुसरं टोक मागे कसं येईल, म्हणून चिन्ह गुपचूप खोडतात. खोडू नका. दांडी पुढे सरकते त्यापेक्षा जोरात फिरते, म्हणून ते टोक मागे येतं. वरचा तो खिळा ०.३ इम्पल्स पुढच्याच दिशेने देतो, कारण मागे येऊ पाहणाऱ्या टोकाला त्याला थोपवावं लागतं.

एक टोक पुढे, एक मागे, म्हणजे मधे कुठेतरी वेग शून्य असणारच. तो बिंदू मध्याच्या पलीकडच्या बाजूला y अंतरावर असतो, आणि v = ωy वरून

xy = L²/12

आपल्या उदाहरणात y = १० सेंमी, म्हणजे फटक्याच्या टोकापासून ४० सेंमी, लांबीच्या दोन तृतीयांश. J आणि m दोन्ही उडाले, हे लक्षात घ्या. फटका हळू असो की जोरात, बिंदू तोच. मर्दानी खेळातली लाठी एका टोकाला धरून मारताना हाच हिशेब उलट चालतो: हाताच्या टोकाला झटका नको असेल तर वार हातापासून दोन तृतीयांश लांबीवर बसावा. त्याच्या आत-बाहेर बसला की हात झिणझिणतो. (लाठी एका बाजूला जाड असेल तर हे प्रमाण बदलतं.)

इथे आणखी एक घोळ होतो. फटका मध्यापासून ५ सेंमीवर मारला तर y = ६० सेंमी येतो. दांडी मध्यापासून ३० सेंमीवर संपते. मुलं म्हणतात गणित चुकलं. चुकलं नाही, स्थिर बिंदू दांडीवर नाही, इतकंच. टोकांचे वेग ३ आणि १ मी/से, दोन्ही पुढेच. सीमा x = L/6 ला येते: १० सेंमीवर मारलं की दूरचं टोक त्या क्षणी शून्य वेगावर, जवळचं ४ मी/सेवर.

शेवटची चूक बारीक आहे: तो बिंदू खिळ्यासारखा स्थिर राहतो असं समजणं. त्याचा वेग फक्त फटक्यानंतरच्या पहिल्या क्षणी शून्य असतो. प्रवेग तेव्हाही ω²y = ४० मी/से², मध्याकडे. त्यामुळे एका शतांश सेकंदात तो दांडीच्या दिशेने सुमारे २ मिमी सरकलेला असतो, आणि दांडी अर्धा फेरा फिरली की, ०.१६ सेकंदात, त्याचा वेग मध्याच्या दुप्पट म्हणजे ४ मी/से होतो.

पावडर टाकलेल्या कॅरम बोर्डवर हे दिसतं. स्केलच्या एका टोकापासून दोन तृतीयांशावर पेनाने ठिपका द्या, त्याच टोकाला स्ट्रायकर काटकोनात मारा आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपा. पहिल्या एक-दोन फ्रेममध्ये ठिपका जवळपास तिथेच आणि दूरचं टोक मागे आलेलं दिसलं पाहिजे. ठिपका सुरुवातीलाच ठळक पुढे सरकला, तर स्ट्रायकर टोकाच्या बराच आत लागला आहे.