पतीच्या निधनानंतर टप्प्याटप्प्याने कामावर येण्यासाठी मेल कसा लिहावा

"काही दिवस लवकर घरी गेले तर चालेल का?" एवढंच लिहिलं, तर साहेब हो म्हणतात आणि महिनाअखेरीस पगार कापून येतो. साहेबांचा होकार हजेरीच्या मशिनपर्यंत पोचत नाही. दुपारी 2 ला पंच केलं की तिथे गैरहजेरी लागू शकते. म्हणून दुःखाबद्दल एकच वाक्य लिहा आणि बाकी मेल तारखांचा ठेवा.

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात हिशेब विभागात काम आहे, आठवडा सहा दिवसांचा आहे आणि हक्काच्या 12 रजा शिल्लक आहेत. मेल साहेबांना लिहावा आणि एचआरला सीसी करावा:

"आदरणीय सर,
माझ्या पतींचं 14 जून रोजी निधन झालं. 6 जुलै 2026 पासून मी कामावर येऊ इच्छिते, पण सुरुवातीचे चार आठवडे असे हवे आहेत.
6 ते 18 जुलै: रोज 10 ते 2.
20 जुलै ते 1 ऑगस्ट: सोमवार, बुधवार, शुक्रवार पूर्ण दिवस, बाकी दिवस 10 ते 2.
3 ऑगस्टपासून नेहमीप्रमाणे.
अर्ध्या दिवसांसाठी माझ्या 9 रजा धराव्यात. 11 जुलैचा जीएसटीआर-1 सहकाऱ्यांनी भरावा, बिलं मी जुळवून देईन. 20 जुलैचा जीएसटीआर-3बी मी भरेन. 18 जुलैला आपण दहा मिनिटं बोलून पुढचे दोन आठवडे ठरवू. कृपया मेलवरच होकार कळवावा."

रजांचा हिशेब असा: पहिले 12 अर्धे दिवस म्हणजे 6 रजा, पुढचे 6 अर्धे दिवस म्हणजे 3. उरलेल्या 3 रजा मुद्दाम मागे ठेवायच्या. बँक, मृत्यूचा दाखला आणि तहसील कचेरीची कामं ऑफिसच्या वेळेतच निघतात, आणि पहिल्या फेरीत एखादा कागद कमी पडतोच. काही ठिकाणी हक्काची रजा अर्धी देत नाहीत, ते आधी फोनवर विचारून घ्या. तसं असेल तर किरकोळ रजा किंवा बिनपगारी, जे ठरेल ते नावानिशी लिहावं.

जीएसटीच्या दोन तारखा मेलमध्ये नसल्या तर साहेबांना पहिला प्रश्न तोच पडतो आणि होकार लांबतो. 11 तारीख अर्ध्या दिवसाच्या आठवड्यात येते, म्हणून ते काम सोडायचं. 20 ला सोमवार आहे, पूर्ण दिवस आहे, ते आपल्याकडे ठेवता येतं.

कंपनीची बस संध्याकाळीच सुटत असेल, तर दुपारी परत जायची सोय आधी बघून ठेवावी. साहेब तोंडी हो म्हणाले, तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: "आज बोलल्याप्रमाणे 6 जुलैपासून वरील वेळ ठरली आहे."

स्वतःच्या पीएफला अनेकदा पतीचंच नाव वारसदार म्हणून असतं. ते बदलायचा मेल एचआरला वेगळा पाठवावा, या मेलमध्ये तो मिसळू नये.