‘चेंज ऑफ कंट्रोल: नाही’ असं शीटमध्ये लिहिण्याआधी या चुका टाळा

व्हेंडर करारांच्या रिस्क रिव्ह्यूत सबकॉन्ट्रॅक्टिंग, असाइनमेंट आणि चेंज ऑफ कंट्रोल या तीन रकान्यांपैकी तिसऱ्यात, म्हणजे व्हेंडर कंपनीचा ताबा दुसऱ्याकडे गेल्यास काय हे नोंदवताना, चुका सहज होतात. कारण साधं आहे: चेंज ऑफ कंट्रोल या नावाचं कलम अनेक करारांत नसतंच. मजकूर व्याख्यांमध्ये, करार संपुष्टात आणण्याच्या कलमात किंवा असाइनमेंटच्याच एखाद्या उपवाक्यात दडलेला असतो. शीर्षकं चाळून ‘नाही’ लिहिणारा तिथेच फसतो.

शोध शीर्षकांत न घेता पूर्ण मजकुरात घ्या. इंग्रजी करारांसाठी सुरुवातीला एवढं पुरतं, फक्त कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला भेद बंद ठेवा:

```
sub[-\s]*contract|sub[-\s]*processor|assign|novat|transfer|delegat|change\s+(of|in)\s+control|merger|successor
```

`assign` वर नेमलेले कर्मचारी आणि बौद्धिक संपदेचं हस्तांतरणही सापडेल. ते हाताने वगळा. उलट, एकही निकाल आला नाही तर आधी `shall` शोधून पाहा. तोही सापडला नाही तर बहुधा फाइल नुसती स्कॅन आहे, ओसीआर करायचं राहिलंय.

आता एक नमुना करार घेऊ. २०१९चा मूळ करार, कलम १४.२: लेखी संमतीशिवाय व्हेंडरला ‘ट्रान्सफर’ करता येणार नाही. शीटमध्ये नोंद झाली, ‘असाइनमेंट: संमती आवश्यक; चेंज ऑफ कंट्रोल: नाही’. पण इंग्रजी मजकुरात ट्रान्सफरचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, म्हणजे हा व्याख्या केलेला शब्द. कलम १ मध्ये त्याची व्याख्या सापडते: मतदानाचा हक्क असलेले ५० टक्क्यांहून जास्त शेअर दुसऱ्याकडे जाणं हेही ट्रान्सफरच. शेअर विकले तरी करारातला पक्ष तोच राहतो, त्यामुळे नुसती असाइनमेंटची बंदी अशा विक्रीला सहसा लागू होत नाही. इथे व्याख्येमुळे होते. पुढे कलम १८.४ सांगतं की, १४.२ खालच्या ट्रान्सफरची सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत ग्राहक करार संपवू शकतो. रिस्क रिव्ह्यूला हवा असलेला ऐवज तो हाच.

काम इथे संपलं असं वाटतं, पण २०२२चा दुसरा दुरुस्ती करार अजून उघडलेला नाही. त्यात १४.२ पूर्णपणे बदललंय: व्हेंडर आपल्या समूह कंपनीकडे संमतीशिवाय करार सोपवू शकतो, फक्त नंतर ३० दिवसांत कळवायचं. नव्या मजकुरात ‘ट्रान्सफर’ हा शब्दच नाही. कलम १८.४ मात्र तसंच आहे, म्हणजे बाहेर पडण्याचा हक्क आता अशा शब्दावर उभा आहे जो १४.२ मध्ये उरलेलाच नाही. शीटमध्ये ‘आहे’ही लिहू नका, ‘नाही’ही लिहू नका. दोन्ही कलमं शब्दशः उतरवा, ‘संदर्भ तुटला, वकिलांचं मत हवं’ असं नोंदवा आणि पुढे जा. अर्थ लावणं हे कलमं काढणाऱ्याचं काम नाही.

समूह कंपनीची सवलत निरुपद्रवी दिसते, पण तिथे दोन टप्प्यांची पळवाट असते: आधी करार समूह कंपनीकडे द्यायचा, मग त्या कंपनीचे शेअर विकायचे. म्हणून दोन गोष्टी तपासा. ती कंपनी समूहाबाहेर गेली तर करार परत यावा असं लिहिलंय का? आणि मूळ व्हेंडर जबाबदार राहतो का? कित्येकदा दोन्हींचा उल्लेख नसतो, आणि हा नसलेला उल्लेखही नोंदवायचा असतो.

सबकॉन्ट्रॅक्टिंगमध्ये घोळ वेगळा. मूळ करार म्हणतो पूर्वसंमती हवी. डेटा प्रोसेसिंगच्या परिशिष्टात मात्र ठरलेल्या मुदतीत हरकत घेतली नाही तर नवा उपकंत्राटदार मान्य समजला जातो. दोन्ही नोंदवा, आणि कोणता दस्तऐवज वरचढ ठरतो हे सांगणारं कलमही जोडा. ‘सबकॉन्ट्रॅक्टर’च्या व्याख्येतून समूह कंपन्या वगळल्या आहेत का, हेही बघा. वगळल्या असतील तर काम संमतीशिवाय त्यांच्याकडे जाऊ शकतं, आणि उपकंत्राटदारांची यादी स्वच्छ दिसत राहते.

शीटमध्ये ‘संमती: होय/नाही’ एवढा एकच रकाना ठेवला तर वरचं सगळं गळून पडतं. बंधन कोणावर, कशाने लागू होतं, मुदत कोणत्या घटनेपासून मोजायची आणि गप्प राहिल्यास काय, हे वेगवेगळे रकाने हवेत. सोबत कलम व पान क्रमांक. मुदतीची सुरुवात खास जपा. ६० दिवस व्यवहार झाल्यापासून मोजायचे असतील आणि सूचना द्यायचं बंधनच नसेल, तर बातमी कानावर येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असू शकते.

आणि ‘नाही’ला तीन वेगळी रूपं द्या: ‘सर्व दस्तऐवज वाचले, तरतूद नाही’, ‘शोधात सापडली नाही’ आणि ‘दस्तऐवज अपुरे’. दुसरा दुरुस्ती करार फोल्डरमध्ये आहे पण पहिला नाही, असं दिसलं की तो करार सरळ तिसऱ्या गटात टाका.