बारावी फिजिक्सच्या जुन्या पेपरांवरून टॉपिकचा तक्ता कसा करावा

बोर्डाचे पेपर समोर ठेवून बहुतेक मुलं धडा मोजतात: ‘रोटेशनल डायनॅमिक्स’वर इतके प्रश्न, ‘थर्मोडायनॅमिक्स’वर तितके. यातून हाती काहीच लागत नाही. कोणत्या धड्याला किती गुण, हे बोर्ड आधीच जाहीर करतं आणि दरवर्षी आकडे जवळपास तेच येतात. धड्याच्या आत काय विचारतात, हे मात्र कुठेच छापलेलं नसतं. तक्ता करायचा तो त्यासाठी.

पेपर २०२२ पासूनचे घ्या, मुख्य परीक्षेचे आणि पुरवणीचेही. २०२० पर्यंतचे पेपर जुन्या अभ्यासक्रमाचे आहेत, ते मिसळू नका. २०२१ ला मुख्य लेखी परीक्षाच झाली नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ चे मुख्य आणि पुरवणी धरून सहा पेपर होतात, सुरुवातीला तेवढे पुरेत.

एक्सेल किंवा गुगल शीट उघडा. पहिल्या स्तंभात टॉपिक, पुढच्या सहा स्तंभांत सहा पेपर. ज्या पेपरमध्ये टॉपिक आला, त्या चौकटीत त्याचे गुण लिहा, नाही आला तर चौकट रिकामी ठेवा.

आता खरी अडचण: टॉपिक म्हणजे नेमकं केवढं? मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागायचा. ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ अशी एकच ओळ केली तर तिच्यात व्याख्या, दोन्ही थिअरम आणि निम्मी न्यूमेरिकल्स जाऊन बसतात. ती ओळ कायम सर्वात वर राहते आणि आज रात्री काय वाचायचं, ते कळतच नाही. उलट पुस्तकातलं प्रत्येक उपशीर्षक वेगळं धरलं की जवळपास प्रत्येक ओळीत एकेकच आकडा येतो. माझी कसोटी अशी: एकाच तयारीवर जे प्रश्न सुटतात, ते एका ओळीत.

उदाहरण घ्या. एका पेपरमध्ये ‘पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरम सांगा आणि सिद्ध करा’ असा तीन गुणांचा प्रश्न आहे. दुसऱ्यात चकतीच्या प्रतलातल्या स्पर्शरेषेभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया विचारलाय, दोन गुणांना. दुसरा प्रश्न सोडवताना पर्पेंडिक्युलर अ‍ॅक्सिस थिअरमने व्यासाभोवतीचा MR²/4 काढायचा, मग पॅरललने MR² मिळवायचा, म्हणजे 5MR²/4. दोन्ही प्रश्नांना तयारी तीच लागते, म्हणून ओळ एकच: ‘अ‍ॅक्सिसचे थिअरम’. घरंगळणाऱ्या गोळ्याच्या गतिज ऊर्जेचं डेरिव्हेशन मात्र वेगळ्या ओळीत जाईल, कारण थिअरम पाठ असून ते येत नाही.

चार गुणांचे प्रश्न इथेच घोटाळा करतात. त्यात बऱ्याचदा डेरिव्हेशन एका टॉपिकचं आणि न्यूमेरिकल भलत्याच टॉपिकचं असतं. दोन्हीकडे चार-चार लिहू नका, गुण वाटून लिहा. पेपर भरून झाला की त्या स्तंभाची बेरीज करा. पेपर ७० गुणांचा असला तरी पर्यायी प्रश्न धरून छापलेले गुण ९८ होतात. बेरीज जास्त आली तर काहीतरी दोनदा मोजलंय, कमी आली तर एखादा प्रश्न सुटलाय. ही बेरीज न केलेल्या तक्त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

२०२२ ची परीक्षा २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली होती. वगळलेल्या टॉपिकपुढे त्या पेपरच्या चौकटीत x लिहा, नाहीतर तो टॉपिक विनाकारण मागे पडेल. मग दुसऱ्या ओळीसाठी हे सूत्र, बाकीच्यांसाठी खाली ओढा:

```
=COUNT(B2:G2)/(6-COUNTIF(B2:G2,"x"))
```

टॉपिक जितक्या पेपरमध्ये येऊ शकत होता, त्यातल्या कितींमध्ये खरोखर आला, ते यातून कळतं. शेजारी `=SUM(B2:G2)` ने गुण काढा. क्रम लावताना आधी पेपर बघा, मग गुण. एकाच वर्षी चार गुणांना आलेल्या टॉपिकपेक्षा चार पेपरमध्ये दोन-दोन गुणांना आलेला टॉपिक आधी करावा.

सहा पेपरांच्या हिशेबात ३ आणि ४ यांत फरक मानू नका. तीनच गट करा: निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा आलेले, अधूनमधून आलेले, न आलेले. पहिल्या गटातलं जे तुम्हाला पुस्तक बंद करून लिहिता येत नाही, त्याच्यापासून उजळणी सुरू करा. येत असलेलं पुन्हा वाचण्यात पहिला आठवडा घालवू नका.

‘गेल्या वर्षी आलं, म्हणजे यंदा येणार नाही’ हा सल्ला क्लासमध्ये सर्रास मिळतो. तो ऐकून वरच्या गटातला एकही टॉपिक सोडू नका. न आलेला गटही टाकून देऊ नका: पहिल्या दोन प्रश्नांतल्या १८ गुणांना पर्यायच नसतो आणि ते एकेका गुणाचे प्रश्न धड्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून येतात. त्या गटाची डेरिव्हेशन शेवटी ठेवा, व्याख्या, सूत्रं आणि एककं मात्र एकदा नजरेखालून घालाच.