मॅलेइक ॲसिडचा टायट्रेशन कर्व्ह रिपोर्टमध्ये कसा समजावून लिहायचा

बऱ्याच जर्नल्समध्ये ग्राफ मस्त असतो, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या ग्राफ पेपरवर टोकदार पेन्सिलीने काढलेला, पण खाली स्पष्टीकरण म्हणून एकच ओळ, दोन इक्विव्हॅलन्स पॉइंट मिळाले. व्हायवात विचारतात ते त्याच्या पुढचं, कर्व्हच्या कुठल्या भागात बीकरमध्ये नक्की काय काय आहे ते.

उदाहरण घेऊ मॅलेइक ॲसिडचं, ०.१ मोलार, २५ मिली, आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साईड. याचे दोन पीकेए साधारण १.९ आणि ६.२, म्हणजे चारच्या वर फरक, म्हणून दोन्ही उड्या वेगळ्या दिसतात. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये हाच फरक जेमतेम तीन असतो, तिथे पहिली उडी अगदी पुसट येते. खालचे पीएच मी या पीकेएंवरून हिशोबाने काढलेत, तुमची रीडिंग थोडी इकडेतिकडे येणारच.

आधी इक्विव्हॅलन्स पॉइंट शोधा, पण नुसतं ग्राफकडे बघून नाही. शेजारच्या दोन रीडिंगमधला पीएचचा फरक भागिले मिलीचा फरक, असा एक कॉलम करा. २४.० मिलीला पीएच ३.३९, २४.५ ला ३.६५, २५.० ला ४.११, २५.५ ला ४.५६ आणि २६.० ला ४.८१ असेल तर उतार येतात ०.५२, ०.९२, ०.९० आणि ०.५०, म्हणजे सगळ्यात तीव्र चढ २५ मिलीच्या आसपास, हा पहिला पॉइंट. इथे जवळपास सगळं ॲसिड HA⁻ झालेलं असतं आणि पीएच दोन्ही पीकेएंच्या मध्यावर, साधारण ४.१ येतो. दुसरा पॉइंट ५० मिलीला, तिथे A²⁻ उरतो, तो थोडा बेसिक, म्हणून पीएच सातवर न थांबता ९.४ च्या जवळ जातो. दुसरी उडी मोठी असते, पहिली छोटी, त्यामुळे पहिलीजवळ अर्धा अर्धा मिलीनेच टाका आणि मीटर स्थिर झाल्याशिवाय रीडिंग लिहू नका, एक मिलीच्या स्टेपने गेलात तर पहिला पॉइंट हवा तितका नेमका सापडत नाही.

आता एक तपासणी, जी रिपोर्टमध्ये फार कमी जण लिहितात. दुसरा व्हॉल्यूम पहिल्याच्या बरोबर दुप्पट यायला हवा. तो दुप्पटीपेक्षा जास्त आला तर आधी हायड्रॉक्साईडच्या बाटलीवर संशय घ्या. उघडी राहिलेली बाटली हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढते आणि त्यात कार्बोनेट तयार होतं. हे कार्बोनेट पीएच ४ ला दोन प्रोटॉन घेतं, पण ९.४ ला बायकार्बोनेटपर्यंतच जातं म्हणजे एकच घेतं, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात बेस जास्त लागतो. हे कारण चार ओळींत लिहा, "मानवी चूक" असं लिहिण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

बफर रीजन म्हणजे उड्यांच्या आधीचे सपाट भाग. पहिला शून्य ते २५ मिलीमधला, जोडी H₂A आणि HA⁻ ची. दुसरा २५ ते ५० मधला, जोडी HA⁻ आणि A²⁻ ची. पण दुसरा पूर्ण २५ ते ५० असा रंगवू नका, पीकेएच्या एक खाली ते एक वर इतकाच भाग धरा, म्हणजे पीएच ५.२ ते ७.२, ग्राफवर साधारण २७ ते ४८ मिली. उडीच्या तोंडाशी एक घटक जवळजवळ संपलेला असतो, मग बफर करणार कोण?

सगळ्यात जास्त चुकतं ते पीकेए वाचताना. ३७.५ मिलीला, म्हणजे दोन इक्विव्हॅलन्स पॉइंटच्या बरोबर मध्ये, पीएच वाचा, तोच दुसरा पीकेए, सरळ काम. पण १२.५ मिलीला हेच केलंत तर उत्तर २.१ येतं, १.९ नाही, कारण पहिला प्रोटॉन इतका सहज सुटतो की H₂A चा बराच भाग बेस न टाकताही आपोआप तुटलेला असतो आणि H₂A व HA⁻ सारखे उरतच नाहीत. म्हणून हे सूत्र वापरा:

Ka1 = h(n + h) / (c − n − h)

इथे h म्हणजे पीएचवरून काढलेलं हायड्रोजन आयनचं कॉन्सन्ट्रेशन, n सोडियमचं, c एकूण ॲसिडचं, आणि n, c दोन्ही त्या क्षणीच्या एकूण ३७.५ मिलीवर काढायचे. पीएच २.१२ वाचला तर h = ०.००७६, n = ०.०३३३, c = ०.०६६७, म्हणजे ०.००७६ गुणिले ०.०४०९ भागिले ०.०२५७, उत्तर ०.०१२, आणि पीकेए १.९ जागेवर येतो. दुसऱ्या पीकेएला ही दुरुस्ती लागत नाही, कारण पीएच ६.२ ला h इतका बारीक असतो की n पुढे तो धरला काय नि सोडला काय, सारखंच. दोन्ही हिशोब ग्राफच्या खाली शेजारी शेजारी लिहा.