छोट्या हॉलसाठी सोफा घेताय? या चुका टाळा

घरांची अंतर्गत कामं करताना लोकांच्या हॉलमध्ये मी टेप घेऊन बरीच वर्षं फिरतोय. दहातल्या आठ घरांत सोफ्याची चौकशी एकाच वाक्याने सुरू होते: "भिंत सात फूट मोकळी आहे, सात फुटांचा सोफा बसेल ना?" बसेल की. पण मग माणसं कुठून चालणार?

भिंत मोजायची असते ती सगळ्यात शेवटी. अडचण सोफ्याच्या लांबीने क्वचित होते, खोलीने हमखास होते. खोली म्हणजे पाठीच्या मागच्या टोकापासून बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंतचं माप. दुकानात ते कुणी विचारत नाही आणि सेल्समन आपणहून सांगत नाही.

नेहमीचा वन बीएचकेचा हॉल घ्या. कागदावर रुंदी 10 फूट, टेप लावली की 117 इंच. टीव्ही युनिट 16 इंच पुढे येतं. सोफा 38 इंच खोल, शिवाय भिंतीपासून 2 इंच सुटतातच. उरले 61 इंच. त्यात 18 इंचांचा टीपॉय आणि पाय ठेवायला सोफा-टीपॉयमध्ये 15 इंच. टीव्हीसमोरून जायला 28 इंच राहिले. हातात ताट घेऊन सरळ चालायचं तर मी 30 इंचांच्या खाली जात नाही. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची रोजची वाट असेल तर 36 धरतो. 32 इंच खोलीचा सोफा घेतला की तीच वाट 34 इंच होते. बसायला काही कमी पडत नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेकांना 20 ते 22 इंचांची बैठक पुरते. बाकीची जागा जाडजूड पाठ खाते. हातांचंही तसंच. आठ-आठ इंचांचे फुगीर हात घेण्याऐवजी चार-चार इंचांचे घेतले, तर तेवढ्याच बैठकीत लांबी 8 इंचांनी कमी होते.

आता एल आकाराचा सोफा. याच्यावर माझा राग आहे आणि तो का आहे ते सांगतो.

माझ्या मावसभावाचा डोंबिवलीतला हॉल याच मापाचा. लांब भिंतीला सोफा, समोर टीव्ही. टीव्हीकडून पाहिलं तर सोफ्याच्या डाव्या टोकाला मेलेला कोपरा, उजव्या टोकाला गॅलरीचं सरकतं दार. पाय पसरायचा लाउंजर डाव्या कोपऱ्यात जाणार होता. मी चित्रही काढून दिलं होतं. पण पठ्ठ्याने सेलमध्ये फोनवरच ऑर्डर दिली. विचारलं, "लाउंजर डावा की उजवा?" हा मनातल्या मनात सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "उजवा." दुकानदार मात्र सोफ्याकडे तोंड करून बोलत होता.

सोफा आला तेव्हा 62 इंचांचा लाउंजर गॅलरीच्या दारासमोर आडवा. दाराची जी बाजू उघडते तीच नेमकी त्याच्यामागे. वहिनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन रोज लाउंजरवर गुडघा टेकवून पलीकडे उतरायची. महिन्याभरात त्या कापडावर पाण्याचे डाग. दुकानाने परत घ्यायला नकार दिला, ऑर्डर देऊन बनवलेला माल म्हणून. शेवटी सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बोल्ट काढून लाउंजर वेगळा केला आणि उघडी पडलेली बाजू प्लाय मारून, कापड चढवून बंद केली. लाउंजर आता बेडरूममध्ये आहे, त्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

म्हणून डावा-उजवा हे शब्द मी वापरतच नाही. "गॅलरीपासून लांबच्या टोकाला" असं लिहून, चित्रावर बाण काढून, दुकानदाराची सही घेतो. लोक हसतात, हसू देत.

बाकीच्या चुका थोडक्यात. रिक्लायनर बंद असताना मोजू नका, पाय उघडून मोजा. सोफा लिफ्टमध्ये आणि जिन्याच्या वळणावर फिरतो का ते ऑर्डरच्या आधी बघा, टेम्पो खाली उभा असताना नाही. आणि मुख्य दार पूर्ण उघडून पाहा, दाराची कडी सोफ्याच्या हातावर आपटते.

जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सोफ्याचा आकार बघायचा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धवट वाटतो, कारण कागदावरून माणूस बिनदिक्कत चालत जातो. मी त्या मापाच्या कडेने प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि रिकामी खोकी लावतो आणि घरच्यांना दोन दिवस तसंच राहायला सांगतो. एका दिवसात कंटाळून खोकी उचलणारेही भेटतात. त्यांच्याकडून मी ॲडव्हान्स आधी घेतो.